उत्तरपत्रिकेवरचा कोड आणि हिरव्या शाईचे गुण

परीक्षेच्या वर्गात उत्तरपत्रिका जमा होते तेव्हा तिच्यावर सीट नंबर असतो. कॅप सेंटरवर, म्हणजे जिथे सगळ्या कॉलेजांचे पेपर एकत्र तपासले जातात तिथे, माझ्या टेबलावर ती येते तेव्हा तो नसतो. त्या जागी एक कोड असतो. निकाल लागतो तेव्हा कोड गायब होऊन सीट नंबर परत आलेला असतो. मधल्या काळात काय होतं, हे विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर तपासणाऱ्या प्राध्यापकांपैकीही पुष्कळांना त्यातलं आपल्या टेबलापुरतंच माहीत असतं.

बहुतेकांचा समज असा की कोड घालायचा तो वशिला थांबवायला, आणि मॉडरेशन, म्हणजे तपासलेल्यांपैकी काही उत्तरपत्रिका दुसऱ्याने पुन्हा तपासणं, करायचं ते चुका पकडायला. दोन वेगळी कामं, दोन वेगळे विभाग. बरीच वर्षं मीही तसंच समजत होतो. प्रत्यक्षात दुसरं काम पहिल्यावर उभं असतं. कोड घालताना गठ्ठे नीट पिसले नसतील तर मॉडरेटरच्या हातात पडणाऱ्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. ते कसं, हे सांगण्यासाठी आधी कोड कसा पडतो ते पाहू.

जुनी हाताने करायची पद्धत समजायला सोपी आहे. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानाला वरच्या बाजूला टोचे पाडलेली पट्टी असते. तिच्यावर विद्यार्थी सीट नंबर लिहितो, किती पुरवण्या जोडल्या ते लिहितो आणि पर्यवेक्षक सही करतो. केंद्रावर उत्तरपत्रिका आली की पट्टीवर आणि खालच्या पानावर एकच कोड टाकतात आणि मग पट्टी फाडून घेतात. पट्ट्या पाकिटात, पाकिटाला लाख, आणि पाकीट समन्वयकाच्या कपाटात. आता कोड आणि सीट नंबर यांचं नातं फक्त त्या पाकिटात आहे. परीक्षक कोडसमोर गुण लिहितो. तपासणी पूर्ण झाली की पाकीट फोडायचं आणि पट्टीवरचा कोड गुणपत्रकातल्या कोडशी जुळवायचा. याला डीकोडिंग म्हणतात. बारकोड आल्यापासून पट्टीचं काम स्टिकर करतो आणि पाकिटाचं काम संगणकातला तक्ता करतो, पण कल्पना तीच राहिली आहे.

लपवणं हा यातला सोपा भाग. खरी अडचण येते ती परत जुळवताना. एका केंद्रावर माझ्यासमोर घडलेला प्रकार सांगतो. तिथे वेळ वाचवायला आधी सगळ्या पट्ट्या फाडल्या आणि मग उत्तरपत्रिकांवर आणि पट्ट्यांवर नंबरिंग मशीनने वेगवेगळे शिक्के मारले. शंभरच्या गठ्ठ्यात दोन पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. मशीनने वरच्या पट्टीवर ६४ मारला, खालची कोरीच राहिली, आणि तिच्या पुढच्या पट्टीवर ६५ पडला. म्हणजे ६५ नंबरची उत्तरपत्रिका ज्या मुलाची होती त्याची पट्टी कोरी, आणि त्याच्या मागच्या प्रत्येकाच्या नावावर पुढच्याची उत्तरपत्रिका. शेवटी हिशेब लागला तो असा: उत्तरपत्रिका १००, शिक्का असलेल्या पट्ट्या ९९. शोधाशोध झाली, कोरी पट्टी सापडली. कारकून म्हणाला, "सर, हिला राहिलेला शंभर नंबर देऊन टाकतो, टॅली होईल."

टॅली झालीही असती. १०० ला १००. आणि गठ्ठ्यातल्या ३६ जणांना दुसऱ्याचे गुण मिळाले असते, कागदावर कुठेही चूक न दिसता. केंद्रावरच्या एका जुन्या मॅडमनी त्याला थांबवलं. त्यांनी ८० नंबरची पट्टी आणि ८० नंबरची उत्तरपत्रिका शेजारी ठेवायला सांगितली. पट्टीवर पुरवण्या २ लिहिलेलं, उत्तरपत्रिकेला एकही पुरवणी नव्हती. मग मागे मागे येत सरकलेली जागा सापडली. पट्टीवरचा पुरवण्यांचा आकडा लिहायला मुलं कंटाळतात आणि पर्यवेक्षक तपासत नाहीत, पण त्या दिवशी जुळणी तपासायला दुसरी कुठलीही खूण आमच्याकडे नव्हती.

कोड हाताने टाइप करावा लागतो तिथे आणखी एक युक्ती करता येते. कोडच्या शेवटी एक तपासणी अंक जोडायचा. समजा कोड ४७३१ आहे. त्याच्या अंकांना ओळीने ५, ४, ३, २ ने गुणायचं: २०, २८, ९ आणि २, बेरीज ५९. या बेरजेत किती मिळवलं की ११ ने नि:शेष भाग जाईल? ७, कारण ६६ होतात. म्हणून कोड ४७३१७. आता टाइप करणाऱ्याने घाईत ४३७१७ मारलं तर बेरीज येते ५५, त्यात ७ मिळवले की ६२, आणि ६२ ला ११ ने भाग जात नाही. संगणक तिथेच ओरडतो. (कधीकधी मिळवायची संख्या १० येते, तो कोड सरळ वापरायचाच नाही.) या युक्तीची मर्यादाही ओळखून असावं. दोन मुलांचे स्टिकर अख्खेच्या अख्खे अदलाबदल झाले तर दोन्ही कोड बिनचूक असतात. तिथे तपासणी अंक काही करू शकत नाही, तिथे पुन्हा पुरवण्या मोजाव्या लागतात.

ही जुळणी मोठ्या प्रमाणावर विस्कटली की काय होतं ते मुंबई विद्यापीठाने २०१७ साली पाहिलं. त्या वर्षी लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं, पण तयारी पुरेशी नव्हती. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती उलटली. निकाल लागले तेव्हाही अनेकांचे राखीव राहिले, कारण त्यांच्या उत्तरपत्रिका सापडत नव्हत्या. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आलं. त्या वेळच्या चर्चेत बराच भर स्क्रीनवर तपासायची सवय नसलेल्या प्राध्यापकांवर होता. पण स्कॅन केलेला कागद आणि त्याचा मालक यांची गाठ सुटली तर तपासणारा कितीही सराईत असला तरी निकाल लागत नाही.

आता पिसण्याकडे येतो. पट्टी फाडली म्हणजे उत्तरपत्रिका निनावी झाली, असं नाही. गठ्ठा एकाच कॉलेजचा असेल तर माझ्यासारख्याला तिसऱ्या उत्तरापर्यंत कॉलेज ओळखू येतं, कारण ४० मुलांनी एकाच शिक्षकाच्या एकाच नोट्समधली तीच चुकीची व्याख्या लिहिलेली असते. कोड सीट नंबरच्या ओळीनेच टाकले असतील तर आणखी सोपं: एका मुलाचा कोड कळला की बाकीचे बोटांवर मोजता येतात. म्हणून चांगल्या केंद्रावर वेगवेगळ्या कॉलेजांच्या उत्तरपत्रिका पत्त्यांसारख्या पिसतात आणि मगच कोड टाकतात. आपल्याच कॉलेजच्या उत्तरपत्रिका आपल्याकडे येऊ नयेत हाही त्यातला एक भाग.

इतकं करूनही काही गोष्टी झाकत नाहीत. अक्षर झाकत नाही. ५० मुलांच्या स्वायत्त कॉलेजात जो शिकवतो तोच तपासत असेल तर कोड हा निव्वळ उपचार असतो. वर्षभर ज्याचं जर्नल तपासलं त्याचं अक्षर कोण विसरतं? मुलं स्वतःही खुणा सोडतात. काही जण पानाच्या डोक्यावर देवाचं नाव लिहितात, काही पत्रलेखनात खरं नाव आणि गावाचा पत्ता देतात, आणि "सर, घरची परिस्थिती हलाखीची आहे" अशी शेवटच्या पानावरची विनंती तर प्रत्येक सत्राला येते. ओळख उघड करणारी खूण हा नियमाने गैरप्रकार ठरू शकतो. देवाच्या नावाकडे बहुतेक परीक्षक काणाडोळा करतात, आणि माझ्या मते बरोबरच करतात. विनंतीकडेही काणाडोळा करतात, फक्त वेगळ्या अर्थाने.

पिसण्याचा दुसरा फायदा मात्र कुणी फारसा बोलून दाखवत नाही, आणि मॉडरेशन त्यावरच चालतं.

मॉडरेशनचा प्रश्न साधा आहे. एकाच विषयाच्या हजार उत्तरपत्रिका दहा जण तपासतात. कुणाचा हात सढळ, कुणाचा आखडता. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये संजय सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश लोकसेवा आयोग या खटल्यात याचा सविस्तर विचार केला. कडक आणि उदार परीक्षकांमुळे पडणाऱ्या या फरकाला इंग्रजीत ससाणा आणि कबूतर यांची नावं आहेत, ती त्या निकालातही आली आहेत. एकाच विषयाच्या परीक्षकांमधला असा फरक मॉडरेशनने काढायचा, स्केलिंगने नव्हे, हे न्यायालयाने तिथे स्पष्ट केलं. स्केलिंग म्हणजे सूत्र लावून सगळ्यांचे गुण एका पट्टीवर आणणं. त्यात उत्तरपत्रिका पुन्हा कुणी उघडत नाही. मॉडरेशनमध्ये ती उघडावीच लागते. आणि ग्रेस मार्क हा तर तिसराच प्रकार: तो सगळं झाल्यावर, नियमात बसेल तितकाच मिळतो आणि त्याचा परीक्षकाच्या हाताशी संबंध नसतो. निकालाच्या दिवशी कॉलेजच्या जिन्यात हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने ऐकू येतात.

काम सुरू होतं ते बैठकीने. पेपर काढणारा आणि परीक्षक एकत्र बसतात, नमुना उत्तरं ठरवतात, अर्ध्या उत्तराला किती आणि आकृतीला किती हे बोलून घेतात, थोड्या उत्तरपत्रिका सगळे तपासून बघतात. ही बैठक जिथे चहाबिस्किटात उरकते तिथली तपासणी पुढे रखडते, हा माझा अनुभव. मग प्रत्येकाच्या तपासलेल्या गठ्ठ्यातून मॉडरेटर काही उत्तरपत्रिका उचलतो. कोणत्या उचलायच्या याची वाटणी साधारण ठरलेली असते: खूप जास्त गुण मिळालेल्या सगळ्या, थोडक्यात नापास होणाऱ्या सगळ्या, आणि मधल्यांतून शेकडा काही, डोळे मिटून. परीक्षकाची शाई लाल, मॉडरेटरची बहुतेक ठिकाणी हिरवी.

आता एक मांडलेलं उदाहरण घेऊ. पेपर ७५ गुणांचा, पास व्हायला ३० हवेत. ४०० उत्तरपत्रिका पिसून चार परीक्षकांना शंभर-शंभर दिल्या. त्यांच्या गठ्ठ्यांच्या सरासऱ्या आल्या ४१, ४३, ३४ आणि ४२.

तिसऱ्याकडे नजर जाते. पण नजर जाण्याचा अधिकार पिसण्याने मिळाला आहे. गठ्ठे पिसलेले असतील तर चारही गठ्ठ्यांत हुशार आणि कच्ची मुलं सारख्याच प्रमाणात पडतात. मुलांच्या गुणांत नेहमी असतो तेवढा पसारा धरला तर शंभरच्या दोन गठ्ठ्यांच्या सरासरीत निव्वळ योगायोगाने दोन-तीन गुणांचा फरक पडतो, आठांचा पडत नाही. म्हणजे काहीतरी परीक्षकाच्या बाजूचं आहे. हेच गठ्ठे कॉलेजवार दिले असते तर ३४ चा अर्थ लागला नसता. परीक्षक कडक की कॉलेज कच्चं? मॉडरेटरला कळायला मार्ग नाही, आणि मग बहुधा तो "तिथली मुलं तशीच आहेत" म्हणून पुढे जातो. ही ओळ मी स्वतः ऐकली आहे, आणि एकदा स्वतः म्हटलीही आहे.

मॉडरेटरने तिसऱ्याच्या गठ्ठ्यातून दहा उत्तरपत्रिका काढून पुन्हा तपासल्या. परीक्षकाचे गुण होते २८, ३१, ३६, २२, ४५, २९, ३८, ३३, २६, ४०. मॉडरेटरचे आले ३४, ३८, ४२, २९, ५०, ३६, ४४, ४१, ३३, ४५. वजाबाकी करून पाहा: दर वेळी ५ ते ८ च्या मधला फरक, सरासरी ६.४, आणि सगळा एकाच दिशेला. खाली उतरून बघितलं तर कारण एकच निघालं: १५ गुणांच्या एका प्रश्नात आकृती नसेल तर हा परीक्षक उरलेलं उत्तर वाचतच नव्हता. बैठकीला तो उशिरा आला होता. असा कडकपणा एकसारखा असतो म्हणून दुरुस्त करता येतो. एकतर शंभरही उत्तरपत्रिकांतला तेवढा प्रश्न पुन्हा तपासायचा, किंवा सगळ्यांना सारखे ६ गुण वाढवायचे. मला पहिला मार्ग आवडतो, कारण दुसऱ्यात ज्यांनी आकृती काढली होती त्यांनाही फुकटचे सहा जातात.

आता चौथा. त्याची सरासरी ४२, अगदी शहाण्यासारखी. सरासरी पाहणारा त्याला हातही लावणार नाही. पण त्याच्याही दहा उत्तरपत्रिका डोळे मिटून काढल्या आणि मॉडरेटरचा फरक आला तो असा: ११ जास्त, ८ कमी, २ जास्त, १२ कमी, ९ जास्त, शून्य, ६ कमी, १० जास्त, ७ कमी, १ जास्त. बेरीज केली तर बरोबर शून्य. हा परीक्षक ना कडक ना उदार. तो वाचत नव्हता, पानं मोजून गुण देत होता. चांगली छोटी उत्तरं मारली गेली आणि पसरट उत्तरांना लाभ झाला. याला कुठलाही आकडा मिळवून किंवा वजा करून इलाज नाही. २००७ च्या त्या निकालातही हाच भेद केला आहे: फरक एकसारखा असेल तर गुण तेवढे वरखाली करा, तपासणी बेभरवशाची असेल तर तो गठ्ठा पूर्ण दुसऱ्याकडून तपासून घ्या. तिसऱ्या परीक्षकाने बहुतेक सगळ्या मुलांचं सारखंच नुकसान केलं होतं, म्हणून ते दिसलं. चौथ्याने काहींचं केलं आणि काहींचं भलं केलं, म्हणून गुणपत्रकात ते दिसतच नव्हतं. डोळे मिटून काढलेल्या नमुन्याला पर्याय नाही तो याच्यासाठी. नुसते सर्वांत वरचे आणि पासाच्या काठावरचेच पाहिले तर मधला चौथा निसटतो.

हे सगळं कागदावर नीट दिसतं, पण यात एक मोठी फट आहे. मॉडरेटरसमोर उत्तरपत्रिका येते ती लाल गुणांसकट. दहापैकी सहा दिसले की माणूस सहाच्या आसपासच विचार करतो. पटलं नाही तर पाच किंवा सात करतो, तीन क्वचितच करतो. शिवाय परीक्षक शेजारच्याच टेबलावर बसलेला असतो, कदाचित आपल्याहून ज्येष्ठ. त्यामुळे पुष्कळ उत्तरपत्रिकांवर हिरव्या शाईच्या नुसत्या सह्या दिसतात. मॉडरेटरचे सगळे बदल एक-दोन गुणांतच असतील तर परीक्षक उत्तम आहेत असा त्याचा अर्थ निघतोच असं नाही. मॉडरेटरने लाल आकडा पाहून तपासलं, असाही निघतो. काही परीक्षांत यासाठी दुहेरी मूल्यांकन असतं: दोघे जण एकमेकांचे गुण न पाहता तपासतात आणि फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर तिसऱ्याकडे जातं. ते अधिक खरं आहे, पण त्याला दुप्पट माणसं लागतात. आणि महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा असतो.

दुसरी खूण काठावरची. ७५ पैकी नेमके किती गुण किती जणांना मिळाले याचा तक्ता मांडला की बरेचदा २८ आणि २९ च्या घरात जवळपास कुणीच नसतं आणि ३० च्या घरात गर्दी असते. याला लबाडी म्हणणार नाही. बेरीज २९ आली की कुणीही परीक्षक पुन्हा एकदा पानं चाळतो. पण ४९ आला म्हणून कुणी पानं चाळत नाही. ४९ वर अडकलेल्या मुलाचा एक गुण तसाच राहतो.

विद्यार्थ्याच्या हातात यातलं काय येतं? २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. विद्यापीठं फी भरून छायाप्रतही देतात. ती मिळाली की पहिल्यांदा गुण बघू नका, अक्षर बघा: प्रत्येक पान आणि प्रत्येक पुरवणी तुमचीच आहे ना. मग न तपासलेलं उत्तर आहे का ते बघा, बेरीज करा, आणि दुसऱ्या रंगाची शाई शोधा. ती असेल तर तुमची उत्तरपत्रिका मॉडरेटरकडे गेली होती. कुठेतरी एक सहीची जागा काळी केलेली दिसेल. त्याच निकालाने परीक्षकाची ओळख झाकून ठेवायला सांगितलं आहे: त्याला तुमचं नाव कळत नाही आणि तुम्हाला त्याचं.